मुदत ठेवीचे शेवटी किती मिळतील? चार रुपयांच्या फरकातून समजलेला हिशेब

शेजारचे काकाजी मागच्या वर्षी पावती घेऊन ओसरीत आले आणि म्हणाले, "मास्तर, पोरगा म्हणते बँकेनं चार रुपये जास्त लिहिले. असं होते काय कुठं?" बँक कमी देते अशी तक्रार आमच्याकडे नेहमीची. जास्त देते ही मी पहिल्यांदाच ऐकली, म्हणून कॅल्क्युलेटर काढून बसलो. पोराने मोबाईलवर सूत्र घालून काढलेला आकडा होता २,१८,१३७ आणि पावतीवर छापलेला २,१८,१४१. दोघांचेही गणित पक्के होते. फरक पडला होता तो शेवटच्या अर्धवट तिमाहीत, आणि बहुतेकांचा हिशेब तिथेच अडतो. म्हणून तीच पावती घेऊन पहिल्यापासून मांडतो.

पैसा कापसाचा होता. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये क्विंटल होता. २७ क्विंटलचे झाले २,०३,०६७. गाडीभाडे आणि हमाली वजा जाऊन चुकारा हाती आला, त्यातले सरळ दोन लाख काकाजींनी १० डिसेंबर २०२४ ला ठेवले. मुदत ४४४ दिवस, व्याजदर द.सा.द.शे. ७.२०, मुदतपूर्ती २७ फेब्रुवारी २०२६.

आधी पावती नीट वाचा

हिशेबाला बसण्याआधी पावतीवरच्या पाच गोष्टी कागदावर उतरवून घ्या: रक्कम, ठेव ठेवल्याची तारीख, मुदतपूर्तीची तारीख, वार्षिक व्याजदर आणि ठेवीचा प्रकार. यातला प्रकार बघायचा राहून जातो. व्याज मुद्दलात मिळत जाते त्या ठेवीला बँका बहुधा 'पुनर्गुंतवणूक ठेव' म्हणतात. दर महिन्याला किंवा तिमाहीला व्याज बचत खात्यात येत असेल, तर चक्रवाढीचा प्रश्नच उरत नाही. मुदत संपली की मुद्दल तेवढेच परत मिळते आणि खालचे गणित त्या पावतीला लागू होत नाही. सहा महिन्यांपेक्षा कमी मुदतीच्या ठेवीवरही बहुतेक बँका सरळ व्याजच देतात.

दराच्या बाबतीत एक सावधगिरी ठेवा. जाहिरातीत किंवा एखाद्या पतसंस्थेच्या फलकावर कधी कधी व्याजदराच्या जागी 'उत्पन्न' लिहिलेले असते. पाच वर्षांसाठी ७ टक्क्यांची ठेव तिमाही चक्रवाढीने एक लाखाचे १,४१,४७८ करते. त्यातल्या ४१,४७८ ला पाचाने भागले की ८.३० येतात, आणि फलकावर '८.३० टक्के' झळकतात. हे आकडे खोटे नाहीत, पण तो व्याजदर नव्हे. ८.३० धरून तिमाही चक्रवाढ केली तर उत्तर फुगून येईल. पावतीवर 'द.सा.द.शे.' समोर जो आकडा असतो, तोच घ्यायचा.

पूर्ण तिमाह्या

तिमाही चक्रवाढ म्हणजे दर तीन महिन्यांनी वर्षाच्या दराचा चौथा हिस्सा मुद्दलात मिसळायचा. ७.२० चा चौथा हिस्सा १.८०. शंभरामागे एक रुपया ऐंशी पैसे, म्हणजे एका रुपयाचे तीन महिन्यांनी १.०१८ होतात. तिमाही ठेवीच्या तारखेपासून मोजली जाते. १० डिसेंबरला ठेवलेल्या पैशाची पहिली तिमाही १० मार्चला भरते, दुसरी १० जूनला, तिसरी १० सप्टेंबरला आणि चौथी पुन्हा १० डिसेंबरला. मधल्या महिन्यांत २८ दिवस असोत की ३१, पूर्ण तिमाहीला पूर्ण १.८० टक्केच. इथे दिवस मोजायचे नसतात.

आता काकाजींच्या दोन लाखांचे बघू. पहिल्या तिमाहीचे व्याज ३,६०० आणि शिल्लक २,०३,६००. दुसऱ्या तिमाहीत व्याज दोन लाखांवर मिळत नाही, २,०३,६०० वर मिळते. ते झाले ३,६६४.८० आणि शिल्लक २,०७,२६४.८०. तिसऱ्या तिमाहीचे ३,७३०.७७, शिल्लक २,१०,९९५.५७. चौथीचे ३,७९७.९२, आणि १० डिसेंबर २०२५ ला शिल्लक २,१४,७९३.४९.

एवढे चार गुणाकार पाटीवरही होतात. पण ठेव पाच वर्षांची असली तर वीस वेळा गुणावे लागते, तेव्हा दुकानातल्या साध्या कॅल्क्युलेटरची एक युक्ती कामी येते. आधी 1.018, मग गुणिले, मग 200000, आणि नंतर जितक्या तिमाह्या तितक्या वेळा बरोबरचे बटण. बऱ्याच कॅल्क्युलेटरमध्ये पहिला आकडा धरून ठेवला जातो आणि प्रत्येक '=' ला १.०१८ ने गुणले जाते. तुमचा तसा आहे का, हे आधी तपासा. 2 × 3 करून दोनदा '=' दाबा. ६ आणि मग १२ आले तर तो पहिला आकडा धरतो. ६ नंतर १८ आले तर दुसरा धरतो, मग दोन लाख आधी आणि 1.018 नंतर टाका. दुसऱ्यांदा '=' दाबूनही ६ च राहिले तर ही सोय त्यात नाही. मग दरवेळी × 1.018 करावे लागेल.

आमच्या शाळेतल्या पोरांची हमखास चूक म्हणजे दराला चाराने भागायचे विसरणे. ७.२० टक्के प्रत्येक तिमाहीला लावले की वर्षात दोन लाखांचे दोन लाख चौसष्ट हजारांच्या वर जातात. असा आकडा दिसला की समजायचे, भागायचे राहिले. वर्षभराचे उत्तर दरापेक्षा थोडेसेच जास्त यायला हवे. ७.२० टक्क्यांना शंभराचे वर्षअखेर १०७.४० होतात, १०७.२० ऐवजी. तुमच्या उत्तरात यापेक्षा मोठी उडी दिसली तर कुठेतरी घसरलात.

उरलेले दिवस

१० डिसेंबर २०२५ पासून २७ फेब्रुवारी २०२६ पर्यंत पुढची तिमाही पुरी होत नाही. ती १० मार्चला झाली असती. मधले दिवस मोजू. डिसेंबरचे २१, जानेवारीचे ३१, फेब्रुवारीचे २७, असे ७९. पहिला दिवस धरला तर शेवटचा सोडायचा. दोन्ही धरले की एक दिवस जास्त होतो आणि उत्तर चाळीसेक रुपयांनी चुकते. पडताळा सोपा आहे. पहिले पूर्ण वर्ष ३६५ दिवसांचे, त्यात ७९ मिळवले की ४४४. पावतीवरच्या मुदतीशी जुळले.

या ७९ दिवसांना चक्रवाढ नाही. अर्धवट तिमाहीला सरळ व्याज, वर्ष ३६५ दिवसांचे धरून. मात्र ते मूळच्या दोन लाखांवर नसून चौथ्या तिमाहीअखेरच्या २,१४,७९३.४९ वर लागते. २,१४,७९३.४९ गुणिले ७.२० गुणिले ७९, भागिले ३६,५००. हे ३६,५०० म्हणजे ३६५ दिवस आणि शेकड्याचे १०० यांचा गुणाकार. उत्तर येते ३,३४७.२५. शिल्लकेत मिळवले की २,१८,१४०.७४. रुपयात पूर्ण केले की २,१८,१४१. पावतीवर हेच होते.

पोराचा आकडा चार रुपयांनी कमी का आला? त्याने ४४४ दिवसांना ३६५ ने भागून १.२१६४ वर्षे काढली, चाराने गुणून ४.८६५८ तिमाह्या केल्या आणि १.०१८ चा तेवढा घात घेतला. असे केले की शेवटच्या अर्धवट तिमाहीलाही चक्रवाढीचा वळणदार भाव मिळतो. तिमाहीच्या दोन टोकांना सरळ व्याज आणि घातांकाचे व्याज सारखेच असते. मध्ये मात्र सरळ व्याजाची रेघ वर असते आणि घातांकाची तिच्याखाली किंचित झोळ खाते. म्हणून अपुऱ्या तिमाहीत घाताचे उत्तर नेहमीच थोडे कमी येते. पोराला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "म्हणजे बँकेचं बरोबर हाय?" हाव, बँकेचंच बरोबर.

मोबाईलवर किंवा कॉम्प्युटरवर तक्त्याचे अॅप असेल तर सगळे एका ओळीत होते. कोणत्याही खान्यात हे टाका:

```
=200000*(1+7.2/400)^4*(1+7.2*79/36500)
```

7.2/400 मधले ४०० म्हणजे शेकड्याचे १०० आणि चार तिमाह्या. ^4 च्या जागी तुमच्या पूर्ण तिमाह्या, 79 च्या जागी उरलेले दिवस. दिवस उरत नसतील तर 79 च्या जागी 0 टाका.

पावतीशी जुळले नाही तर

एक-दोन रुपयांचा फरक पैसे पूर्ण करण्यातून येतो. कुणी प्रत्येक तिमाहीला पूर्ण रुपया करतो, कुणी शेवटी. तो सोडून द्या. चाळीस-पन्नासचा किंवा सहाशेचा फरक असेल तर त्याच्या आकारावरूनच कारण कळते.

आपल्या उदाहरणात चाळीसेक रुपये चुकले तर एका दिवसाचा गोंधळ आहे. साधारण पन्नास रुपये कमी आले, तर उरलेल्या काळातले पूर्ण महिने वर्षाच्या बाराव्या हिश्श्याने मोजले असतील. म्हणजे १० डिसेंबर ते १० फेब्रुवारी दोन महिने आणि वर १७ दिवस. ते दोन महिने प्रत्यक्षात ६२ दिवसांचे आहेत, पण बाराव्या हिश्श्याच्या हिशेबात ६१ च्याही खालीच बसतात. एकूण २,१८,०९१ येतात. वर्ष ३६५ ऐवजी ३६६ दिवसांचे धरल्यावरही थोडे कमी येते, पण इथे तो फरक नऊ रुपयांपलीकडे जात नाही.

आणि पावतीवर २,१७,५१७ दिसले तर सगळेच सरळ व्याजाने काढले आहे. दोन लाख गुणिले ७.२० गुणिले ४४४ भागिले ३६,५०० करून बघा, १७,५१६.७१ येतात. हा फरक ६२४ रुपयांचा. तेव्हा काउंटरवर जाऊन ठेवीचा प्रकार विचारायचा. बहुतेक वेळा अर्जावर चुकीच्या चौकटीत खूण झालेली असते. पहिल्या काही दिवसांतच लक्षात आले तर दुरुस्त करून घेणे सोपे जाते.

या ६२४ वरून आणखी एक गोष्ट कळते. सव्वा वर्षाच्या ठेवीत तिमाही चक्रवाढीने सरळ व्याजावर मिळालेली सारी भर एवढीच. चक्रवाढीचा जोर दिसायला पाच-सात वर्षे लागतात. म्हणून कमी मुदतीत दरातला पाव टक्का, चक्रवाढ कितीदा होते त्यापेक्षा जास्त वजनाचा.

पोस्टाच्या मुदत ठेवीला हे गणित जसेच्या तसे लावू नका. तिथेही व्याज तिमाही चक्रवाढीने काढतात, पण वर्षाअखेर ते तुमच्या हाती देण्यासाठी असते. पाच वर्षांच्या ठेवीचा २०२५ मधला दर ७.५०. दहा हजारांवर वर्षाला ७७१ रुपये. ते उचलले नाहीत तरी पडून असलेल्या व्याजावर व्याज चढत नाही. पाच वर्षांत ३,८५५ मिळतात, म्हणून एकूण १३,८५५. बँकेचे सूत्र लावले तर १४,४९९ दिसतील आणि पोस्टमास्तरशी विनाकारण वाद होईल.

कर कापला तर

पावतीवरचा आकडा कर कापला जाणार नाही असे धरून छापलेला असतो. २०२५-२६ या आर्थिक वर्षात एका बँकेतल्या सगळ्या ठेवींचे मिळून व्याज ५०,००० च्या वर गेले तर बँक १० टक्के टीडीएस कापते. साठ वर्षांवरील माणसाला ही मर्यादा एक लाखाची. पॅन दिलेला नसेल तर कपात २० टक्के. व्याज हातात आले नसले, नुसते ठेवीत जमा होत असले, तरी कपात दरवर्षी होते. काकाजींच्या पावतीवर ३१ मार्च २०२५ पर्यंतचे व्याज साधारण ४,४४३ आणि उरलेले १३,६९८ पुढच्या वर्षाचे, म्हणजे मर्यादेच्या कितीतरी खाली. पण जमीन संपादनाचा मोबदला ज्यांनी एकाच बँकेत ठेवला आहे त्यांना हे लागू होते. टीडीएस बहुधा ठेवीच्या व्याजातूनच वळता होतो, म्हणून पुढच्या तिमाहीचे मुद्दल घटते आणि शेवटचा आकडा पावतीपेक्षा कमी येतो. एकूण उत्पन्नावर कर बसत नसेल तर २०२५-२६ साठी १५जी, ज्येष्ठांनी १५एच हा फॉर्म वर्षाच्या सुरुवातीलाच भरून द्यायचा असतो.

जूनमध्ये पावती मोडली तर

आपल्याकडे पैशाची खरी ओढ मृगाला लागते. बियाणे, खत, डवरणीची मजुरी, सगळे एकदम. मागच्या जूनमध्ये काकाजींनाही साठ हजार हवे होते आणि ते पावती मोडायला निघाले होते. तेव्हा केलेला हिशेब देतो.

मुदतीआधी मोडलेल्या ठेवीला ७.२० मिळत नाहीत. पैसा जितके दिवस राहिला तितक्या मुदतीसाठी, ठेव ठेवली त्या दिवशी जो दर होता तो लागतो आणि त्यातूनही अर्धा ते एक टक्का दंड कापतात. सहा महिन्यांसाठी तो दर ५.७५ आणि दंड १ टक्का धरू. म्हणजे ४.७५, तिमाहीला १.१८७५. १२ जून २०२५ ला मोडली तर दोन तिमाह्या पूर्ण आणि वर दोन दिवस. दोन लाखांचे २,०२,३७५, मग २,०४,७७८.२०, आणि दोन दिवसांचे ५३.३०. हातात २,०४,८३१.५०. त्याच दिवशी ७.२० ने हिशेब २,०७,३४६.५७ होता. म्हणजे साठ हजारांसाठी अख्खी पावती मोडून २,५१५ रुपये मागे गेले असते, आणि उरलेला पैसा बचत खात्याच्या दरावर येऊन पडला असता.

त्यांनी पावतीवर कर्ज काढले. अशा कर्जाचा दर ठेवीच्या दरावर एक-दोन टक्के असतो. तो ९.२० धरला तर साठ हजारांचे १२ जूनपासून २९ नोव्हेंबरपर्यंत, १७० दिवसांचे व्याज २,५७१. हा आकडा २,५१५ पेक्षा मोठा दिसतो आणि काकाजी तिथेच थबकले. "मंग फायदा काय झाला बाप्पा?" पण त्याच साठ हजारांवर ठेवीत ७.२० टक्के सुरूच होते. खरा खर्च फक्त वरच्या दोन टक्क्यांचा, म्हणजे १७० दिवसांत ५५९ रुपये. कापूस विकून नोव्हेंबरअखेर कर्ज फेडणार असाल तरच हे गणित बसते. वर्षभर रेंगाळले तर ते दोन टक्के १,२०० रुपये खातात.

शेवटची तारीख

२७ फेब्रुवारी ही तारीख कॅलेंडरवर टिपून ठेवा. पावतीवर आपोआप नूतनीकरणाची सूचना असेल तर ठेव त्या दिवशीच्या दराने पुन्हा सुरू होते, आणि तो दर ७.२० च असेल असे नाही. सूचना नसेल आणि पैसे तसेच पडून राहिले, तर रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०२१ च्या नियमाप्रमाणे बचत खात्याचा दर किंवा ठेवीचा ठरलेला दर, यातला जो कमी तोच मिळतो. हरभरा काढण्याच्या घाईत काकाजी वीस दिवस उशिरा गेले असते आणि बचतीचा दर २.५० धरला, तर २,१८,१४१ वर वीस दिवसांचे २९९ रुपये मिळाले असते. ७.२० ने तेच ८६१ झाले असते. या ५६२ रुपयांत सव्वा वर्षाच्या चक्रवाढीचे जवळजवळ सगळे ६२४ रुपये निघून गेले असते.

ते वेळेवर गेले. या खेपेला त्यांनी एकच पावती केली नाही. पन्नास-पन्नास हजारांच्या तीन आणि ६८,१४१ ची एक अशा चार केल्या, म्हणजे जूनमध्ये अडचण आली तर एकच मोडावी लागेल.